खरं पडणं

सम्राट मैदानात पडला की निम्मं स्टेडियम एका सुरात ओरडायचं, "रंकाळा! रंकाळा!" म्हणजे उड्याच मारायच्या असतील तर इथं गवतात कशाला, तिकडं तळ्यात जा. कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये टोपणनाव पडायला वेळ लागत नाही, आणि पडलेलं नाव माणसाबरोबर मसणवटीपर्यंत जातं. सम्राटला हे चांगलं ठाऊक होतं. तरी ते नाव त्यानं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं होतं, हेच त्याला जास्त लागायचं.

तो शिवाजी पेठेतल्या वाघजाई तालमीचा पुढच्या फळीतला खेळाडू. अंगानं किडकिडीत, पण चेंडू पायाला चिकटल्यासारखा घेऊन पळायचा. दोन वर्षांपूर्वी झुंजार स्पोर्ट्सविरुद्धच्या सामन्यात तो गोलसमोरच्या डी मध्ये घुसला, झुंजारचा बचावपटू धैर्यशील आडवा आला, आणि सम्राटनं स्वतःला झोकून दिलं. धैर्यशीलचा पाय त्याला लागलाच नव्हता. रेफ्रीनं पेनल्टी दिली, वर धैर्यशीलला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. वाघजाईनं सामना जिंकला, पेठेत गुलाल उधळला, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. त्यात दोघांच्या पायांमधून बैलगाडी जाईल एवढं अंतर दिसत होतं.

ती उडी मारायला सांगितली होती प्रशिक्षक केरबामामांनी. पण सांगणारा सांगतो, पडणाऱ्याची हाडं पडणाऱ्याची आणि नावही त्याचंच. मामांना कुणी काही म्हटलं नाही.

तेव्हापासून सम्राटचं नशीब फिरलं. त्याला खरोखर पाडलं तरी रेफ्री हातानं 'ऊठ, ऊठ' करायचे. बचावपटूंना ते कळलं. मग ते बिनधास्त त्याच्या घोट्यावर लाथ घालायचे आणि वर साळसूदपणे दोन्ही हात वर करून उभे राहायचे. यंदाच्या मोसमात तर पडण्याचं नाटक केलं म्हणून त्याला लागोपाठ पिवळी कार्डं मिळाली आणि सामनाबंदी झाली. त्यातलं एक नाटक होतं, बाकीची नव्हती. पण हे तो कुणाला सांगणार होता? विटलं मन आणि फुटलं मोती सांधत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

आणि नेमकं याच वर्षी राज्याच्या संघासाठी पोरं बघायला निवड समितीचा माणूस कोल्हापूरला येणार होता. सम्राटचं वय सव्विसाच्या घरात. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला आरशासारखं लख्ख दिसत होतं.

बंदीच्या त्या रिकाम्या दिवसांत एका दुपारी तो वर्धमान सरांच्या घरी गेला. सर शाळेत खेळाचे शिक्षक, आणि गावातले सगळ्यात जुने रेफ्री. सम्राटला शेवटचं कार्ड त्यांनीच दाखवलं होतं. त्यांच्या पत्नी रत्नाबाई दाराशी आल्या, याला ओळखून जरा थबकल्या, पण पाणी आणून दिलं. सम्राट उंबऱ्यापाशीच उभा राहिला.

"सर, तुम्ही कशावरनं वळखता, तेवढं मला सांगा. मला हा डाग पुसायचा हाय."

सरांनी चपला घातल्या आणि त्याला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले.

तिथं त्यांनी त्याला चेंडू घेऊन पळायला लावलं आणि बेसावध असताना मागून जोरात ढकललं. सम्राट तोंडावर आपटला, तळहात खरचटले. तो चिडून उठला, तर सर म्हणाले, चिडू नकोस, हात कुठं गेले ते बघ. हात पुढं गेले होते, जमिनीकडं. मग सरांनी मोबाइलवर त्याचाच जुना व्हिडिओ लावला. त्यात सम्राटचे दोन्ही हात आभाळाकडं होते, छाती पुढं आलेली, पाठीची कमान झालेली, दोन्ही पाय एकदम गुडघ्यात मागं दुमडलेले. खरा पडणारा माणूस आधी तोंड वाचवतो, सर म्हणाले. त्याला हात वर करायला सवड नसते.

दुसरं, वेळ. धक्का बसतो त्याच क्षणी शरीर ढळतं. नाटकी माणूस धक्का लागल्यावर आणखी एक पाऊल टाकतो, मग त्याला पडायचं आठवतं. "कावळा बसायला आन् फांदी मोडायला एक गाठ पडली तर मी समजू शकतो," सर म्हणाले. "तुझा कावळा उडून गेला, मग फांदी मोडली." सम्राटला हसू आलं, बऱ्याच दिवसांनी.

तिसरं, दिशा. डावीकडून धक्का बसला तर माणूस उजवीकडं जातो, पुढं झेपावत नाही. चौथं, मागं राहिलेला पाय. पाडून घेणारा आपला पाय मुद्दाम मागं रेंगाळत ठेवतो, समोरच्याच्या पायाला हुडकत नेतो. तेव्हा पाय पायाला लागतो खरा, पण कुणाचा कुणाला लागला हे बघायचं असतं. नुसता स्पर्श झाला म्हणजे फाऊल झाला असं नसतं, आणि स्पर्श झालाय म्हणून नाटक नाही असंही नसतं. पाचवं, डोळे. खरं लागलेला माणूस लागलेल्या जागेकडं बघतो किंवा डोळे मिटतो. खोटा पडणारा हवेत असतानाच रेफ्री कुठं आहे ते बघतो. आणि आवाज. खोटी किंकाळी धक्क्याच्या आधी तयार असते. खऱ्या वेदनेला आधी श्वास पुरत नाही.

हे सगळं दिसायला रेफ्री बाजूला उभा असावा लागतो, दोघांच्या मधली फट दिसेल असा. पाठीमागून बघितलं की काहीच कळत नाही. मग लाइनमनकडं बघायचं, त्यालाही दिसलं नसेल तर आपल्या मनाला विचारायचं. सर थांबले आणि म्हणाले, मैदानात उतरताना मागचं सगळं विसरून जावं असा नियम आहे. पण रेफ्रीही माणूसच, आणि मन काही कोरी पाटी नसतं.

सम्राट तीन-चार दुपारी गेला. शेवटच्या दिवशी सरांनी त्याला एकच सांगितलं, की आता धक्का बसला तरी उभा राहा, जमेल तेवढा उभा राहा. लोकांना तुझं पडणं नको, उभं राहणं दिसू दे.

इथवर सगळं नीट होतं. पुढं जे बिघडलं त्याला तालमीची एक जुनी रीत कारण झाली. वाघजाई तालीम मूळची कुस्तीची. बाहेरच्या वस्तादाकडून कुणी नवा डाव शिकून आला तर तो लपवून ठेवायचा नाही, तालमीतल्या लाल मातीत सगळ्यांसमोर उघडा करून दाखवायचा. डाव दडवणारा तालमीचा नव्हे, असं मानतात. कुस्ती मागं पडून फुटबॉल आला, तरी रीत राहिली.

केरबामामांनी विचारलं, मास्तरांकडं काय शिकलास? सम्राटनं आधी आढेवेढे घेतले. मामा म्हणाले, तालमीला बी चोरून खातोस व्हय? त्या एका वाक्यानं पोरगं वाकलं. एका संध्याकाळी त्यानं मातीत उभं राहून सगळं सांगितलं, करून दाखवलं. हात कुठं जातात, डोळे कुठं असावेत, आवाज कधी येतो. तो सांगत होता ते 'असं खोटं पडू नका' म्हणून. ऐकणारे ऐकत होते ते 'असं पडलं की खरं वाटतं' म्हणून. विद्या तीच, घेणाऱ्याची ओंजळ वेगळी.

उपांत्य सामन्यात वर्धमान सर रेफ्री होते. वाघजाईचा आदर्श नावाचा खेळाडू, ज्याला आयुष्यात चार सरळ पास देता आले नाहीत, तो डी मध्ये असा पडला की बघणाऱ्याचा जीव हळहळावा. हात पुढं, मान खाली, तोंडातून आवाज नाही, घोटा धरून बसला. सरांनी पेनल्टी दिली. वाघजाई अंतिम सामन्यात पोचली. रात्रीपर्यंत व्हिडिओ आला. आदर्शला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

गावानं सरांची लक्तरं वेशीवर टांगली. आणि आदर्श गडी तोंडाचा हलका. मिसळीच्या टपरीवर बसून बोलून गेला, की हे आमच्या सम्राटनं शिकवलंय, खुद्द मास्तरांकडनं शिकून आलाय. हे सरांच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो?

सम्राट धावत त्यांच्या घरी गेला. सर दारातच उभे राहिले, या खेपेला पाणीही विचारलं नाही. त्यानं तालमीची रीत सांगितली, शपथा घेतल्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळ, चाळीस वर्षं झाली मी बघतोय," ते म्हणाले. "आता मला बघता येत न्हाय, असं केलंस तू."

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. सम्राट त्या दिवशी रंकाळ्याच्या काठावर जाऊन बसला होता, आणि शेजारून जाणारी दोन पोरं त्याला बघून हसली. त्याला कुणाचा रागही आला नाही, इतका तो आतून खचला होता.

अंतिम सामना पुन्हा झुंजारशी. झुंजारच्या लोकांनी रेफ्री बदला म्हणून गलका केला, पण दुसरा तेवढा अनुभवी माणूस नव्हता, म्हणून शिट्टी सरांकडंच राहिली. पॅव्हेलियनमध्ये निवड समितीचा पाहुणा बसला होता. सामन्याआधी त्यानं विचारलं म्हणे, तो पडणारा मुलगा तो कुठला? नाव विचारलं नाही, एवढंच विचारलं.

सम्राट त्या दिवशी आयुष्यातला सगळ्यात सुंदर खेळ खेळला, हे झुंजारवाल्यांनीही नंतर कबूल केलं. पहिल्या अर्ध्यात डी मध्ये धैर्यशीलनं त्याचा शर्ट मुठीत धरून ओढला. शिवण उसवली, पण सम्राट पडला नाही, तसाच लडखडत पुढं गेला आणि त्याचा फटका खांबाला लागून बाहेर आला. शिट्टी वाजली नाही. उभ्या माणसाला पेनल्टी सहसा मिळत नाही, या खेळाचं हेही एक दुखणं आहे. बाहेरून केरबामामा हातवारे करत होते, की पडला असतास तर काम झालं असतं. सम्राटनं तिकडं बघितलंच नाही. प्रेक्षकांत पहिल्यांदाच त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, परक्या बाजूनंसुद्धा.

सामना संपत आला, गोल कुणाचाच नाही. झुंजारचा हल्ला फसला, चेंडू लांब सम्राटकडं आला आणि तो एकटा सुटला. सगळं उलट दिशेनं धावायला लागलं. सर वयानुसार मागं पडले, बाजूला यायला त्यांना सवड मिळाली नाही. सम्राट डी मध्ये शिरला. त्यानं डावा पाय रोवला, उजव्यानं मारणार, तेवढ्यात मागून धैर्यशीलचा बूट त्याच्या रोवलेल्या पायाच्या टाचेवर पडला. पाय जमिनीत अडकला आणि वरचं शरीर वळलं. गुडघ्यात आत कुठंतरी ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो फक्त सम्राटनं ऐकला.

तो पडला. हात पुढं गेले, तळव्यांची साल निघाली. डोळे मिटले. ओरडायला श्वासच आला नाही.

सर मागून आले. त्यांच्या आणि त्या पायाच्या मध्ये धैर्यशीलची रुंद पाठ होती, त्यामुळं बूट त्यांना दिसला नाही. लाइनमन पलीकडच्या बाजूला, त्यानं झेंडा हलवला नाही. धैर्यशील हात वर करून उभा. उरलं ते समोर पडलेलं शरीर. सरांनी त्याच्याकडं बघितलं, आणि त्यात एकही चूक सापडली नाही. शाळेच्या मैदानावर शिकवलं होतं, उपांत्य सामन्यात आदर्श पडला होता, अगदी तसं.

त्यांनी खिशात हात घातला आणि पिवळं कार्ड वर धरलं. मग दुसरा हात वर करून झुंजारला अप्रत्यक्ष फ्री किक दिली, नियमात सांगितलंय तसं.

"रंकाळा! रंकाळा!" स्टेडियम दणाणून गेलं.

सम्राटनं डोळे उघडले तेव्हा त्याला आभाळ दिसलं आणि त्यात ते कार्ड. मामा पाण्याची बाटली घेऊन आले, खाली वाकले. सम्राटला वाटलं, निदान हे तरी खरं मानतील. मामा कानाशी कुजबुजले, "लय भारी पडलास गड्या, पर न्हाय दिलं त्यानं. बास आता, ऊठ."

"मामा, गुडघा गेला."

"ऊठ की. लोक बघाय लागल्यात."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय म्हणायचं. तो तिथंच पडून राहिला असता, स्ट्रेचर मागितलं असतं, तर कदाचित पुढची गोष्ट वेगळी झाली असती. पण पॅव्हेलियनमधला पाहुणा बघत होता, आणि पडून राहणं म्हणजे नाटक चालू ठेवणं, असंच सगळ्यांना वाटणार होतं. नाटक नव्हतं हे दाखवायला त्याच्यापाशी एकच उपाय होता. तो उठला. खोटं पडलेला माणूस लगेच उठून पळतो, आणि खरं पडलेल्यालाही त्या दिवशी तेच करावं लागलं.

तो पळाला. दात आवळून, घामानं निथळत, त्यानं परत एकदा चेंडू घेतला आणि वळला. गुडघा जागेवर राहिला नाही. तो पुन्हा कोसळला, आणि या वेळी असा ओरडला की रंकाळ्याचा घोष मधेच तुटला. सर्वांत आधी त्याच्याजवळ पोचला तो धैर्यशील. गुडघा कुठल्या बाजूला गेलाय ते बघून तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं तोंड झाकलं.

डॉक्टरांनी सांगितलं, की पहिल्या वेळी आतला लिगामेंट तुटला होता. तेवढ्यावर थांबला असतात तर ऑपरेशन करून, वर्षभर व्यायाम करून खेळता आलं असतं. पण तुटलेल्या गुडघ्यावर पळालात, त्यात हाडांमधल्या दोन्ही गाद्या चिरडल्या. चालता येईल, म्हणाले. जिना चढता येईल.

मग पलीकडच्या गॅलरीतून काढलेला एक व्हिडिओ आला. त्यात धैर्यशीलचा बूट स्वच्छ दिसत होता. गाव हळहळलं. ज्यांनी घसा फोडून रंकाळा म्हटलं होतं त्यांनीच तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. हळहळीनं गाद्या भरून येत नाहीत. राज्याच्या संघात कुणी दुसराच गेला.

ऑपरेशननंतर महिनाभरानं वर्धमान सर सम्राटच्या घरी आले. सम्राट काठी घेऊन बाहेरच्या सोप्यात बसला होता. आई, झुंबरबाई, आत चहा ठेवायला गेल्या. सर खुर्चीच्या कडेवर टेकले. संघटनेच्या सभेत सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो, म्हणाले, की ते कार्ड चुकीचं होतं, पोरगं खरं पडलं होतं, चूक माझी. नि शिट्टी खाली ठेवतो.

"नको सर," सम्राट म्हणाला. "म्हणतील वाघजाईनं मास्तरबी फोडला. माझं नाव तुमास्नी लागंल."

ते खरं होतं. ज्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, त्याच्या बाजूनं बोलणाऱ्याचीही किंमत जाते. मग सरांनी विचारलं, त्या दिवशी पडताना तुझ्या मनात काय आलं होतं? सम्राटनं आठवून बघितलं. काहीच आलं नव्हतं सर, म्हणाला, खरं पडताना काही येतच नाही. सरांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसला, पुसतच राहिले.

आतून चहा झाल्याची हाक आली. आईला ट्रे घेऊन येताना त्रास नको म्हणून सम्राट उठायला गेला. काठीचं टोक फरशीवर सांडलेल्या पाण्यावरून सरकलं. गुडघा वाकला, आणि तो सरांच्या पायाशी पडला.

सर उठले. पण उठण्याच्या आधी, अगदी पापणी लवावी एवढाच वेळ, त्यांची नजर सम्राटच्या हातांकडं गेली, मग पायाकडं, मग काठीकडं. चाळीस वर्षांची सवय ती, त्यांनी काही मुद्दाम केलं नाही. पुढच्या क्षणी ते त्याच्याजवळ गुडघे टेकून होते, काखेत हात घालून त्याला उचलायला बघत होते, रडत होते.

पण नजर कुठं जाते ते बघायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं, आणि सम्राटनं बघितलं होतं. त्यानं त्यांच्या खांद्याला धरलं.

"खरंच पडलो सर," तो म्हणाला.